मावशीच्या खात्याचा कोड

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

मावशीला पाठवलेले पैसे परत आले आणि बँकेच्या मेसेजमध्ये नुसतं ‘इनव्हॅलिड आयएफएससी’ एवढंच आहे, असं तू कळवलंस. तिच्या पासबुकाचा तू पाठवलेला फोटो मी नीट पाहिला. त्यावरचा कोड `BKDN`ने सुरू होतो. ही अक्षरं देना बँकेची. ती बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि तिचे जुने कोड 1 मार्च 2021 पासून बंद झाले. म्हणजे तू कोड अचूक टाकलास, पण तो आता चालतच नाही. गिरगावात अशी जुनी पासबुकं जपून ठेवलेली घरं पुष्कळ आहेत, म्हणून मला नवल वाटलं नाही.

घाईने पुन्हा पैसे पाठवू नकोस. आधी तुझ्या खात्याचं स्टेटमेंट बघ आणि रक्कम खरंच परत जमा झाली आहे का, याची खात्री कर.

मग कोड बघ. तो अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. त्या शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला तरी कोड चुकीचाच ठरतो. चेकच्या खालच्या पट्टीवर मुंबईच्या शाखांचा 400ने सुरू होणारा नऊ आकडी क्रमांक असतो, तो एमआयसीआर. तो इथे चालत नाही.

देनाच्या शाखांचे नवे कोड `BARB0DB` असे सुरू होतात आणि पुढे शाखेची चार अक्षरं येतात. ती अंदाजाने मात्र भरू नकोस, कारण विलीनीकरणानंतर काही शाखा एकमेकींत मिसळल्या आहेत. मी उद्या मावशीबरोबर तिच्या शाखेत जाते, नवं पासबुक छापून घेते आणि त्याचा फोटो तुला पाठवते. तो आला की रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या आयएफएससी यादीत तोच कोड शोध आणि शाखेचं नाव-पत्ता जुळतो का बघ.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. विलीनीकरणात खाते क्रमांकही बदलले. बँक ऑफ बडोदाचा क्रमांक चौदा आकडी असतो, त्यामुळे फक्त कोड बदलून भागणार नाही. जुनी नोंद काढून टाक आणि मावशीचं नाव नव्याने जोड. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावरच जमा होतात, नाव जुळतं का हे बँक पाहत नाही. म्हणून क्रमांक आणि कोड टाकल्यावर स्क्रीनवर खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी 1 एप्रिल 2025पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने ठरवलं. तिथे मावशीचंच नाव दिसलं तरच पुढे जा. आधी एक रुपया पाठव, तो तिच्या खात्यात दिसला की मी फोन करते, मग बाकीची रक्कम पाठव.

तुझी,
आई