शोकसभेतल्या तीन मिनिटांसाठी, मॅडम, तुमचे आभार

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

घरकुल कक्षातल्या आमच्या भाऊंच्या शोकसभेत मी जे बोललो, त्यातलं निम्मं काम तुमचं. तिथं ते सांगायची सोय नव्हती, कारण शोकसभेत आभार मानत नाहीत. म्हणून हे पत्र. उघड लिहितो, कारण बाजूच्या तालुक्यांतले सहकारी ‘ते भाषण पाठवा’ म्हणून मागे लागले आहेत. नुसतं भाषण पाठवलं तर त्यातलं नाव बदलून वाचलं जाईल, आणि नेमकं तेच तुम्ही मला करू दिलं नव्हतं. भाऊंचं नाव इथं लिहीत नाही. बोललेलं इतरांना द्यायला वहिनींची ना नाही, पण नाव फिरू नये असं त्यांचं म्हणणं आहे.

शनिवारी रात्री भाऊ गेले. सोमवारी ऑफिस उघडलं तेव्हा पंचायत समितीत कोणालाच काही सुचत नव्हतं. बीडीओ साहेब म्हणाले, बुधवारी चार वाजता सभागृहात शोकसभा घेऊ, आणि तुम्ही बाजूच्या टेबलावर बसता तर तुम्हीच बोला. आस्थापना शाखेत आम्ही शोकप्रस्ताव टाइप करतो, पण ते एक ठरलेलं पत्र असतं. माणसाबद्दल बोलायचं म्हणजे वेगळं. तुम्ही केंद्रप्रमुख होता तेव्हा गटसाधन केंद्रात अशा किती सभा तुम्ही सांभाळल्या ते आम्ही पाहिलेलं, म्हणून संध्याकाळी कागद घेऊन तुमच्या घरी आलो.

कागदावर ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ असं सगळं होतं. तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणालात, “छान आहे रे, पण यात तो कुठी आहे? हे तर माझ्यावरही चालते.” मग विचारलंत, सकाळी साडेदहाला टेबलावर बसल्या बसल्या तो पहिलं काय करत होता?

तेव्हा मला ते फोनचं रजिस्टर आठवलं. घरकुलाचा हप्ता लाभार्थ्याच्या खात्यात ऑनलाइन जातो. खाते क्रमांकात एक आकडा चुकला, बँकेचं विलीनीकरण होऊन शाखेचा कोड बदलला किंवा खातं वापरात नसल्यानं बंद पडलं, की पैसे पाठवायचा आदेश, म्हणजे एफटीओ, परत येतो. रीतीप्रमाणे लाभार्थ्यानं येऊन विचारायचं, मग त्याला सांगायचं की पासबुकाची झेरॉक्स आणा. म्हणजे गावाहून दोन चकरा. कापूस वेचणीच्या दिवसांत दोन चकरा म्हणजे दोन दिवसांची रोजी बुडाली, आणि एसटीचं भाडं वेगळं. भाऊ रोज सकाळी परत आलेल्या नोंदी पाहायचे आणि स्वतः फोन लावायचे. फोन कोणाचा, पुतण्याचा की शेजाऱ्याचा, तेसुद्धा रजिस्टरमध्ये लिहिलेलं असायचं. पलीकडच्याला त्यांचं ठरलेलं वाक्य असे, “मजुरी पाडून येऊ नका, पासबुकाचा फोटो ग्रामसेवकाजवळ द्या.” मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्या कागदावर आडवी रेघ मारलीत आणि म्हणालात, बस, हेच बोल, बाकी सगळं सोड.

लांबीचंही तुम्हीच ठरवलंत. हळू बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द जातात, आणि अशा सभेत माणूस आणखी हळू बोलतो. तीन मिनिटांना फुलस्केपचं एक पान पुरतं. बोलायला आठ जण तयार होते. तुमच्या सांगण्यावरून साहेबांनी तिघांवर आणले: बाजूच्या टेबलावरचा मी, गावातून एक ग्रामसेवक आणि शेवटी स्वतः साहेब. वाईट वाटलं काहींना. पण आठ जण बोलले असते तर पाचव्याला ‘मनमिळाऊ’वरच यावं लागलं असतं.

भाऊ कसे गेले यावर एकच वाक्य ठेवायला लावलंत, त्याचं महत्त्व मला सभेच्या दिवशी कळलं. अचानक मृत्यू झाला की प्रत्येकाकडे शेवटच्या दिवसाची एक गोष्ट असते. कोणी म्हणतो शुक्रवारी छातीत जळजळ होते म्हणाले होते, कोणी म्हणतो डबा तसाच परत नेला. कँटीनमध्ये दोन दिवस हेच सुरू होतं. माईकवर हे आलं असतं तर समोर बसलेल्या वहिनींना पहिल्यांदा तिथंच कळलं असतं की इतरांना काहीतरी दिसलं होतं आणि कोणी बोललं नाही. त्या माउलीनं ते जन्मभर उगाळलं असतं. ‘कामाचा ताण होता’ हेही तुम्ही काढायला लावलंत. एका माणसाकडे तीन टेबलांचं काम होतं हे खरं आहे, आणि ते मी आता रिक्त पदांच्या टिपणीत लिहिलं आहे. ते तिथंच शोभतं. अनुकंपा, कुटुंब निवृत्तिवेतन, गटविमा यांचंही तेच. भर सभेत ‘शासन कुटुंबाच्या पाठीशी आहे’ असं कोणी म्हटलं की घरचे ते नोकरीचं आश्वासन समजतात. आम्ही कागदांची यादी त्यांच्या मोठ्या भावाला नंतर घरी जाऊन दिली.

शोकप्रस्तावाच्या जुन्या नमुन्यात शेवटी ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’ असं असतं. भाऊंचं घर बौद्ध. धम्मात ना ईश्वर ना आत्मा, आणि आपल्या इकडे ऑफिसमधले निम्मे सहकारी तशाच घरांतले असूनही हा नमुना वर्षानुवर्षं तसाच चालत आला. तुम्ही ती ओळ काढून ‘स्मृतीस विनम्र अभिवादन’ केलंत. बॅनरवाल्यानं नावापुढे ‘कै.’ घालून प्रूफ पाठवलं होतं, तिथं ‘दिवंगत’ आलं. हारासोबत मेणबत्ती ठेवली. मोठ्या भावाला आधी फोन करून विचारलं तेव्हा ते म्हणाले, “एवढं विचारलं तेच खूप झालं.” नाव, पद आणि रुजू तारीख मी सेवापुस्तकातून पडताळून घेतली. आडनावातला एक उकार बॅनरवर चुकलाच होता.

मी जे वाचलं ते असं:

“वहिनी, काकाजी, भाऊंची दोन्ही लेकरं आणि सहकाऱ्यांनो,

शनिवारी रात्री आपले भाऊ अचानक आपल्यातून गेले.

परिचर म्हणून ते या इमारतीत आले. दिवसा फायली वाहायच्या, रात्री अभ्यास करायचा, असं करत परीक्षा देऊन ते कनिष्ठ सहाय्यक झाले. ज्या टेबलावर ते पाणी ठेवायचे, त्याच टेबलावर पुढं ते बसले. पण नव्या परिचराला त्यांनी कधी घंटी वाजवून बोलावलं नाही. उठून जायचे.

त्यांच्या टेबलावर एक निळं रजिस्टर आहे. ज्यांचा घरकुलाचा हप्ता अडकला त्यांची नावं त्यात आहेत. नावापुढे फोन कोणाचा ते, आणि हप्ता जमा झाल्यावर एक हिरवी टिक. हे रजिस्टर ठेवायला त्यांना कोणत्याही परिपत्रकानं सांगितलं नव्हतं. ‘मजुरी पाडून येऊ नका,’ असं ते प्रत्येकाला सांगायचे. या तालुक्यात अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांनी भाऊंना कधी पाहिलं नाही, फक्त त्यांचा आवाज ऐकला, आणि त्यांच्या घरावर स्लॅब पडला.

शेवटच्या पानावर काही नावांपुढे अजून टिक नाही. ते रजिस्टर साहेबांनी माझ्याकडे दिलं आहे. ते फोन मी लावतो आहे.

वहिनी, तुमच्या घरातला माणूस आमच्यात दिवसभर असायचा. तो कसा होता हे तुम्हाला सांगायची गरज नाही. आम्ही त्याला कसं पाहिलं, एवढंच सांगायचं होतं.

दिवंगत भाऊंच्या स्मृतीस आम्हा सर्वांचं विनम्र अभिवादन.”

बाकी कोणाला हे वापरायचं असेल तर रजिस्टरचा मजकूर काढावा आणि त्या जागी आपल्या माणसाचं जे असेल ते घालावं. तसं काही सापडत नसेल तर त्याच्या जवळ बसणाऱ्याला विचारावं, साहेबांना नाही.

‘स्लॅब पडला’ म्हणताना माझा गळा भरला. तुम्ही सांगितलं होतं तसं केलं: ओळीवर बोट ठेवून थांबलो, पाण्याचा घोट घेतला, माफ करा वगैरे काही न म्हणता पुढचं वाक्य वाचलं. मोठ्या अक्षरात, दोन ओळींत जागा सोडून टाइप केलेला कागद हातात असल्यानं जागा सापडली. मोबाइलवर असतं तर नेमकी तेव्हाच स्क्रीन बंद झाली असती.

स्तब्धता सगळ्यात शेवटी ठेवायची ही तुमची सूचना साहेबांना आधी पटली नव्हती, नेहमी सुरुवातीला घेतात म्हणून. पण स्तब्धतेनंतर पुन्हा माईकवर कोणी यायला नको, हे त्यांनाही पटलं. 30 जानेवारीला भोंगा वाजतो म्हणून दोन मिनिटं बरोबर होतात. एरवी कोणी घड्याळ पाहत नाही, चाळीस सेकंदांत कोणीतरी खुर्ची ओढतो आणि सगळे बसतात. या वेळी लेखा शाखेतल्या ताईंनी हातातल्या घड्याळावर पूर्ण दोन मिनिटं मोजली आणि मग ‘सभा संपली’ एवढंच म्हटलं. आधी घरचे बाहेर गेले, मग आम्ही. आभार प्रदर्शन नाही, चहा नाही.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी निरोप पाठवला की त्या कागदाची एक प्रत हवी. शोकप्रस्तावाच्या सही-शिक्क्याच्या प्रतीसोबत तीही घरी पोचवली. शोकप्रस्तावाचा नमुना साहेबांनी आता कायमचा बदलायला सांगितला आहे. मसुदा तयार आहे, पण तुमच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय सहीला ठेवत नाही. रविवारी सकाळी घरी असाल तर घेऊन येतो.

आपला,
वरिष्ठ सहाय्यक, आस्थापना शाखा