त्या प्रश्नचिन्हाबद्दल, ताई, मनापासून आभार

ताई,

आपली ओळख एका मैत्रिणीमार्फतची, तीही फोनवरची. तरी जपानमधल्या त्या रात्री मी पाठवलेल्या मेनूकार्डाच्या फोटोला तुम्ही ज्या काळजीने उत्तर दिलंत, ते अजून आठवलं की गळा दाटून येतो.

माझ्या लेकीला सिलिअ‍ॅक आहे. गहू आणि बार्ली तिला अजिबात चालत नाहीत. त्याआधी दोनच दिवसांपूर्वी एका जाणकार म्हणवणाऱ्या ओळखीच्या माणसाला असाच फोटो पाठवला होता. त्याने लगेच कळवलं, "सोबा खा, त्या कुट्टूच्या शेवया, गहू नसतो." पण सोबाच्या पिठात बहुतेकदा गहू मिसळतात, आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू हे तर तिथलं नेहमीचं प्रमाण. पोरगी रात्रभर कळवळत होती. नंतर त्याचा साधा फोनही आला नाही.

तुम्ही मात्र पदार्थ सुचवण्याआधी विचारलंत, "तिला नेमकं काय चालत नाही? थोडंसुद्धा नाही का?" मग फोटोवर खुणा करून परत पाठवलात. माशाच्या दोन ओळींपैकी तेरियाकीवर फुली, कारण त्यात सोया सॉस आणि साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. शिओयाकीवर बरोबरची खूण, तो फक्त मीठ लावून भाजलेला. साधा भात बरोबर. वाफवलेल्या अंड्याच्या चावानमुशीला मी निर्धास्तपणे हो म्हटलं असतं. तिच्यावरही तुम्ही फुली मारलीत, त्या पातळ रश्शातही सोया सॉस घालतात म्हणून.

आणि मिसो सूपवर तुम्ही प्रश्नचिन्ह काढलंत. शेजारी लिहिलंत, "हे फोटोवरून कळणार नाही. मिसो तांदळाचा असतो तसा बार्लीचाही. डबा दाखवायला सांगा." वेटरला दाखवायला जपानीत दोन वाक्यंही लिहून दिलीत, त्यात मासा भाजताना वरून सॉस लावू नका, हेही होतं. वेटरने आतून डबा आणला. मी त्यावरच्या लेबलचा फोटो पाठवला आणि मिनिटाभरात तुमचं उत्तर आलं, "बार्ली आहे. नको."

तुमच्याकडे तेव्हा किती वाजले होते, हे मी नंतर पाहिलं.

ताई, ते एक प्रश्नचिन्ह मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तुम्हाला भाषा येते, तरी जे कागदावर लिहिलेलंच नव्हतं ते तुम्ही अंदाजाने भरून काढलं नाहीत. ज्यांना मदत करायची मनापासून इच्छा असते, त्यांनाही "मला सांगता येत नाही" म्हणणं जमत नाही. तुम्ही ते म्हणालात आणि पुढे विचारायचं कसं, तेही दिलंत.

लेकीने त्या रात्री भात आणि मासा पोटभर खाल्ला. किती दिवसांनी तिने न घाबरता घास घेतला. तुमच्या खुणांचा तो फोटो तिने फोनमध्ये जपून ठेवलाय, आणि मिठाचं ते जपानी अक्षर ती आता स्वतः ओळखते.

तुमची,
तिची आई