माळ्यावरची भांडी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

विश्रामबागच्या फ्लॅटची किल्ली मिळाल्याचं दादाने सांगितलं. फार बरं वाटलं. बाबांच्या गुडघ्यांना आता गावभागातला जिना नको, आणि दर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं हे विचारत रात्र काढणंही नको.

आवराआवरीची सुरुवात तांब्या-पितळेच्या भांड्यांपासून करूया. २०१९च्या पुरात माळ्यावर चढवली, ती बरीचशी अजून तिथेच आहेत. तुम्ही दोघांनी मात्र शिडीवर चढायचं नाही. दादा खाली काढून देईल. सोप्यात चार कोपरे करा: ठेवायचं, द्यायचं, विकायचं, टाकायचं.

दादाने नव्या स्वयंपाकघरातला माळा मोजलाय. लांबी सहा फूट, खोली दोन फूट, उंची जेमतेम दीड फूट. मोठा हंडा त्यात उभा राहत नाही. म्हणून ‘ठेवायचं’च्या कोपऱ्यात खडूने सहा बाय दोनची चौकट आखा. चौकटीत मावेल तेवढंच सोबत न्यायचं. नाहीतर प्रत्येक भांडं हातात घेतल्यावर ‘असू दे’ म्हणावंसं वाटणारच.

आई, रुखवतातल्या आणि तुझ्या माहेरच्या भांड्यांचा निर्णय फक्त तुझा. बाबा, त्यात तुम्ही बोलायचं नाही, हे प्रेमानेच सांगते. माझ्या मते रोज हाताशी येणारं ठेवावं: पाण्याची तांब्याची छोटी कळशी, पुरणाची परात, देवाची उपकरणी, कळकत नसेल तर एक पातेलं. तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी तर हवीच. पातेल्याला आतून कल्हई आहे का ते उजेडात बघ. पांढरी चकाकी जाऊन पिवळं दिसायला लागलं असेल, तर कल्हई केल्याशिवाय त्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवायची नाही. कळकतं, आणि ते पोटात जाणं वाईट. कल्हईवाला आता दारावर येत नाही, तेव्हा गणपती पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात विचारावं लागेल. कुणी करून देणारं मिळालं नाही, तर ते पातेलं विकायच्या कोपऱ्यात.

बंबाचं काय करायचं, ते मी खूप विचार करून लिहितेय. फ्लॅटमध्ये धूर करता येणार नाही, तिथे गिझर आहे. नुसता शोभेला ठेवला तर बाल्कनीतली जागा अडेल. डिग्रजच्या वहिनींकडे आजही परसात बंब पेटतो, आणि त्यांचा गळतो. त्यांना आधी फोन करून विचारा. ज्याला हवं असेल त्यालाच द्यायचं, ‘घरचं आहे, नाही कसं म्हणता’ असं करून कुणाच्या माळ्यावर आपलं ओझं चढवायचं नाही.

आता विकण्याचं. तांबं, पितळ आणि कासं एकाच पोत्यात घालून काट्यावर चढवू देऊ नका. तांब्याला पितळेपेक्षा बराच जास्त भाव मिळतो. सगळं एकत्र मोजलं, तर पितळेच्याच दराने जातं. ओळखू आलं नाही तर बुडाला चिंच-मिठाने घासा: लालसर दिसलं तर तांबं, पिवळं दिसलं तर पितळ. चुंबकही लावून बघा. चिकटलं, तर आत लोखंड आहे, वरून नुसता मुलामा. लोखंडी कड्या आणि जाळ्या घरीच काढून ठेवा, कारण दुकानदार त्यासाठी अंदाजाने घट धरतो आणि तो अंदाज आपल्या बाजूने नसतो. डाग दिलेल्या भांड्यांनाही कमी भाव येतो, ती वेगळी ठेवा. घरच्या ताणकाट्यावर प्रत्येक धातूचं वजन करून वहीत लिहा, निदान दोन दुकानांत त्या दिवसाचा मोडीचा दर विचारा, मगच सौदा. दादा सोबत असल्याशिवाय विकू नका.

टाकायचं फार नाही: कोटिंग निघालेले तवे, चेपलेली, झिजून भोकं पडलेली जर्मनची पातेली. तीही भंगारात जातात, कचऱ्यात नाही.

नाव घातलेली भांडी सगळ्यात शेवटी घ्या. घंगाळावर आजोबांचं नाव आणि लग्नाची तारीख आहे. आत्याच्या बारशाचा गडू आहे, कुणी कुणी आहेराला दिलेले तांबे आहेत. विकण्याआधी प्रत्येक नावाचा फोटो काढा आणि खाली वहीत लिहा की हे कुणाचं, कधीचं. हे आता तुम्हा दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नाही. आत्याचा गडू आत्याच्या नातीला द्यावा असं मला वाटतं. घंगाळ मला हवंय, दिवाळीच्या आंघोळीला मी ते इथे पुण्यात वापरेन. पण आई, तुझी इच्छा असेल तरच.

ज्याचा निर्णय होत नाही ते एका ट्रंकेत टाका. ट्रंक एकच, दुसरी नाही. मी आले की आपण तिघं मिळून ती उघडू. वहीतली वजनं लिहून झाली की फोन करा, आणि वहिनी काय म्हणाल्या तेही कळवा.

तुमची,
धाकटी