पिकअपच्या हौद्यातली माणसे विम्यात बसत नाहीत

मा. संपादक,
स. न.

उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की पहाटे आमच्या रस्त्याने पिकअप धावू लागतात. हौद्यात वीस-पंचवीस बाया दाटीवाटीने उभ्या, पायाशी खुरपी आणि भाकरीची फडकी. अशाच एका गाडीतून गेलेली माझी चुलत मावशी परत आली नाही. वळणावर गाडी कलंडली.

भाच्यासोबत मी वकिलांकडे गेलो, तेव्हा गाडीचा विमा चालू होता आणि ड्रायव्हरचे लायसन्सही ठीक होते. त्यामुळे भरपाई मिळेलच असे आम्ही धरून चाललो. पण विमा कंपनीने विचारले, ही बाई गाडीमालकाची नोकर होती का? ती तर शेतकऱ्याच्या रोजंदारीवर होती. गाडीही त्यानेच भाड्याने बोलावलेली.

सगळे प्रकरण इथेच फिरले. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात गाडीमालकाचे स्वतःचे कामगार येतात, आणि १९९४च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो. इतर प्रवासी येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात सांगितले. गाडी भाड्याने घेणाऱ्याचे मजूरही येत नाहीत, हे २०१२ साली संजीव कुमार सम्राट प्रकरणात ठरले. मालाचा मालक म्हणावे, तर सकाळी हौद्यात माल नव्हताच, नुसती माणसे होती.

न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, पण ती एकट्या गाडीमालकावर. कधीकधी न्यायालय विमा कंपनीला आधी पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायला सांगते. आमच्या बाबतीत तसे झाले नाही. आता वसुलीचा दाखला जिल्हाधिकारी कार्यालयात पडून आहे. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली व्हायची, पण त्या माणसाकडे हप्त्यावरची तीच पिकअप होती आणि ती फायनान्सवाल्याने ओढून नेली. मावशीच्या घरी अजून रुपया आलेला नाही.

पिकअपवाले सांगतात, "हमालांचे पैसे भरलेत." पॉलिसी उघडून पाहावी. तो जादा हप्ता बहुधा दोन-तीन माणसांचा असतो, आणि तोही मालकाच्या पगारावरच्या माणसांसाठी. हौद्यातल्या वीस बायांचा त्याच्याशी संबंध नाही. पॉलिसी विकताना एजंटांनी एवढे तरी समजावून सांगावे. शेतकऱ्यांनीही मजूर आणायला प्रवासी परवान्याची जीप ठरवावी. भाडे जास्त पडते, फेऱ्याही दोन कराव्या लागतात, हे मला माहीत आहे. मीही कांदाच करतो.

आरटीओ आणि पोलिसांना एक विनंती आहे. तुमची तपासणी दहा-अकराला नाक्यावर सुरू होते. तोवर बाया शेतात पोचलेल्या असतात आणि गाडी रिकामी उभी असते. काढणीच्या दिवसांत पथक पहाटे साडेपाचला गावांच्या फाट्यावर उभे करा. नुसती दंडाची पावती देऊन तीच गाडी पुढे सोडू नका, बायांना तिथेच उतरवून दुसऱ्या वाहनाने पाठवा.

– एक कांदा उत्पादक, ता. येवला, जि. नाशिक