एकाआड एक शनिवार आणि चार आठवड्यांचा महिना

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातल्या नोकरीविषयक सदरात तज्ज्ञ महाशयांनी कराराचे मासिक तास काढण्याची ‘सोपी युक्ती’ दिली आहे: आठवड्याचे तास गुणिले चार. युक्ती सोपी आहेच. बारा महिने गुणिले चार म्हणजे वर्षाचे ४८ आठवडे. उरलेले चार आठवडे माणसाने कुठे घालवायचे, तेही सांगितले असते तर उपकार झाले असते.

माझी सून रत्नागिरीतल्या एका खासगी कार्यालयात आहे. सोमवार ते शुक्रवार जेवणाची सुट्टी सोडून रोज आठ तास, कामाच्या शनिवारी पाच तास. नेमणूकपत्रात ‘एकाआड एक शनिवार कामाचा’ असे स्वच्छ लिहिले आहे. दोन आठवड्यांचे मिळून ८५ तास, म्हणजे आठवड्याला सरासरी साडेबेचाळीस. याला ५२ ने गुणून १२ ने भागले की महिन्याचे १८४.१७ तास येतात. वर्षाचा उरलेला एखादा दिवस धरला तर अर्धा तास वाढेल, त्यावरून मी भांडणार नाही. सणांच्या पगारी सुट्ट्या यातून वजा करायच्या नसतात, त्या तासांचाही पगार ठरलेलाच असतो. जुलैत काम जास्त पडते, फेब्रुवारीत कमी, पण पगार तोच. म्हणून तर सरासरी काढायची.

आता या कार्यालयाची हुशारी बघा. सोयीसाठी पगार २२,१०० रुपये धरू. वर काढलेल्या तासांनी तासाला १२० रुपये पडतात. रजा संपलेल्या माणसाचा पगार कापायचा असला की कार्यालय तुमच्या तज्ज्ञांसारखे चार आठवडे धरते: १७० तास, दर १३० रुपये. तीच व्यक्ती संध्याकाळी जादा थांबली की महिना एकदम २६ दिवसांचा होतो, रोज आठ तासांप्रमाणे २०८ तास, आणि मूळ दर चांगला १०६ रुपये २५ पैशांवर उतरतो! माणूस एक, पगार एक, महिना मात्र देणाऱ्याच्या सोयीने लांबतो नि आखडतो. ज्याला शंका असेल त्याने पगारचिठ्ठीतल्या कपातीच्या दराने पगाराला भागून पाहावे, मग जादा तासांच्या मूळ दराने भागावे. दोन्ही वेळा तास सारखे यायला हवेत.

खरा राग मात्र वेगळाच आहे. आमच्याकडे गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो. २०२५ मध्ये ३० ऑगस्टला, ऐन गणपतीत, शनिवार कामाचा होता. सून गेली, तक्रार नाही. एकाआड एक म्हटल्यावर ६ सप्टेंबरचा शनिवार सुट्टीचा, आणि नेमकी तीच अनंत चतुर्दशी. पण कार्यालयात सूचना लागली की सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची, आणि ६ तारीख तर पहिला शनिवार! ऑगस्टमध्ये पाच शनिवार होते, त्यामुळे पाचवा आणि पुढचा पहिला असे लागोपाठ दोन कामाचे. सून विसर्जनाला घरी थांबली आणि पाच तासांचे ६५० रुपये कापले गेले, तेही त्या १३० च्या दराने.

‘एकाआड एक’ आणि ‘दुसरा-चौथा सुट्टीचा’ या दोन वेगळ्या अटी आहेत. पहिलीत ५२ पैकी २६ शनिवार कामाचे. दुसरीत वर्षाला २४ सुट्टीचे, म्हणजे २८ कामाचे. वर्षाला दहा तास जास्त, मासिक तास १८५. बँकांना २०१५ पासून दुसरा-चौथा शनिवार सुट्टीचा आहे, तसा यांनाही हवा तर खुशाल घ्यावा, पण नेमणूकपत्रात तसे लिहावे आणि तास १८५ धरून दर काढावा. करार एका पद्धतीचा आणि हजेरी दुसऱ्या पद्धतीची, हे मी तरी आयुष्यभर पगारपत्रके करताना चालू दिले नाही. साहेबांना राग यायचा, येवो.

तज्ज्ञांनी पुढच्या सदरात पाचव्या शनिवारचे काय करायचे ते लिहावे. आणि लिहिलेच, तर तो अंक आमच्याकडे वेळेवर पोचेल असे पाहावे. हल्ली पेपर दुपारच्या एसटीने येतो, वर्गणी मात्र तुम्ही सकाळच्या पेपरची घेता.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, लांजा