विषय: जॉबवर्कला दिलेल्या पितळी सळ्या वर्ष भरत आले तरी परत न आल्याबाबत तक्रार

दिनांक : 9 ऑक्टोबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, टर्निंग वर्कशॉप,
रबाळे एमआयडीसी, नवी मुंबई

महोदय,

18 नोव्हेंबर 2024 रोजी चलन क्र. 214 ने आम्ही तुमच्याकडे 600 किलो पितळी सळ्या टर्निंगसाठी पाठवल्या. एका नगाला 100 ग्रॅम सळी लागते, तयार नग 60 ग्रॅमचा होतो आणि उरलेला 40 ग्रॅम कीस आमच्याकडे परत यायचा, असे ठरले होते. आतापर्यंत 4,000 नग आले, म्हणजे 240 किलो. त्यांचा कीस 160 किलो व्हायला हवा, पण आला फक्त 70. उरलेल्या 90 किलोचा हिशेब नाही आणि 200 किलो सळ्या तुमच्याकडे तशाच पडून आहेत.

फोनवर तुमचे साहेब म्हणाले, "सळ्या मशीनवर चढल्यापासून वर्ष धरा." तसे धरता येत नाही. माल आमच्या गेटमधून गेल्याने वर्ष त्या दिवसापासूनच मोजले जाते. सीजीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार कच्चा माल कर न भरता पाठवता येतो, पण तो वर्षाच्या आत परत यावा लागतो. 17 नोव्हेंबर उलटला की तो माल पाठवला त्याच दिवशी आम्ही तुम्हाला विकला, असे धरले जाईल. किलोला 550 रुपयांप्रमाणे 200 किलोचे 1,10,000 रुपये, त्यावर 18 टक्क्यांनी 19,800 रुपये कर आणि मागच्या तारखेपासूनचे व्याज आम्हाला भरावे लागेल. पैसे आमचे जातील आणि दिरंगाई तुमची, हे आम्हाला मान्य नाही. मुदतीनंतर माल परत पाठवलात तर तो तुमच्याकडून आम्हाला झालेला पुरवठा ठरेल आणि तुम्ही नोंदणीकृत असल्याने तुम्हालाही कर लावून बिल करावे लागेल.

दुसरी अडचण कागदांची आहे. तुम्ही मजुरीचे बिल वेळेवर पाठवता, पण माल परत करतानाच्या चलनावर आमचा 214 क्रमांक नसतो. त्यामुळे कोणत्या चलनातले किती आले, हे जुळवता येत नाही. आम्हाला एप्रिल ते सप्टेंबरचा आयटीसी-04 फॉर्म 25 ऑक्टोबरपर्यंत भरायचा आहे.

नग पूर्ण झाले नसतील तर सळ्या तशाच परत द्या. काम अपुरे असतानाही माल परत आणण्याची कायद्यात सोय आहे. या 200 किलो सळ्या आमच्या चलन क्रमांकासह 18 ऑक्टोबरपर्यंत, दिवाळीच्या सुट्टीआधी, वागळे इस्टेटला पोहोचवा. सोबत 90 किलो किसाचा लेखी खुलासा द्या. तो विकला असेल तर कर लावलेल्या विक्री बिलाची प्रत द्या आणि त्याची रक्कम आमच्याकडे जमा करा. हे होईपर्यंत तुमचे मजुरीचे शेवटचे बिल आम्ही थांबवले आहे.

आपला,
खरेदी विभागप्रमुख,
पितळी फिटिंग्ज कारखाना, वागळे इस्टेट, ठाणे