सूचना: कोणती अकाउंट्स हटवायची, ठेवायची आणि सोपवायची

नमस्कार मंडळी,

३० तारीख माझा कामाचा शेवटचा दिवस. सगळ्यात निकडीचं आहे ते यूट्यूब चॅनल. ते ब्रँड अकाउंटवर आहे आणि त्याची प्रायमरी ओनर अजून मीच आहे. नव्या व्यक्तीला आधी ओनर करावं लागतं आणि त्यानंतर ७ दिवस गेल्याशिवाय गूगल तिला प्रायमरी ओनर होऊ देत नाही. म्हणून मी पाठवलेलं आमंत्रण २२ तारखेच्या आत स्वीकारा. नुसता मॅनेजर करून भागणार नाही, मालकी माझ्याच ईमेलवर राहील.

फेसबुक पेजचा पूर्ण ताबा दोघांना दिला आहे. दोघांनीही एकदा आत जाऊन सेटिंग्ज उघडतात का ते पाहावं, मग मला काढावं.

जुन्या उत्पादनाचं इन्स्टाग्राम अकाउंट हटवू नका. हटवल्यावर ३० दिवसांनी ते कायमचं जातं, आणि तेच नाव आपल्याला परत मिळेलच असं नाही. ते दुसऱ्या कोणी घेतलं तर ग्राहक फसतील. त्यातल्या पोस्ट अर्काइव्ह करा, बायोमध्ये मुख्य अकाउंटचं नाव टाका आणि लॉगिन जपून ठेवा. त्याचे पडताळणी कोड माझ्या फोनवर येतात, तो नंबर माझ्यासमोरच बदलून घ्या.

हटवायचं फक्त चाचणीसाठी उघडलेलं फेसबुक पेज. त्याला फॉलोअर नाहीत, जाहिरातही जोडलेली नाही.